कॉपीचा खोटा आळ, लांबलेली सुनावणी आणि उडालेली झोप

परीक्षेत कॉपी केल्याचा आळ आला की घरचे आणि मित्र एकच प्रश्न विचारतात, "आता वर्ष जाणार का?" त्या मुलाची किंवा मुलीची झोप गेली आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आलेच तरी "टेन्शन घेऊ नको, केस मिटली की झोप येईल" असे म्हणून विषय सोडून दिला जातो. पण विद्यापीठाची केस आठ दिवसांत मिटत नाही. निकाल राखीव राहतो, पत्राची वाट पाहण्यात महिने जातात. तेवढे दिवस जागून काढले तर सुनावणीच्या दिवशी समितीसमोर जे डोके चालायला हवे तेच थकलेले असते. म्हणून केस चालू असतानाच झोप कशी परत आणायची, हे या लेखात पाहू.

आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे येणाऱ्या एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगतो. तिची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

तिच्यासोबत काय झाले

ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. पेपर सुरू होऊन तास-दीड तास झाला असेल, तेवढ्यात भरारी पथक आले. तिच्या बाकाखाली घडी घातलेली एक चिठ्ठी पडली होती. पथकातल्या सरांनी ती उचलली आणि तिला उभे केले. चिठ्ठी तिची नव्हती. तिने तसे सांगितले. तिची उत्तरपत्रिका जमा करून घेतली, पुढचा पेपर लिहायला दुसरी उत्तरपत्रिका दिली आणि पेपर संपल्यावर तिला केंद्रप्रमुखांच्या खोलीत बसवले. तिथे एक छापील अर्ज समोर ठेवला. "यावर सही कर, म्हणजे प्रकरण इथेच मिटेल," असे एकजण म्हणाला. तिने सही केली नाही. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या, की ही चिठ्ठी माझी नाही, माझ्या जवळ मिळालेली नाही, त्यावरचे अक्षर माझे नाही. खाली तारीख आणि वेळ टाकली.

तिच्या वर्गातल्या सगळ्यांचा निकाल लागला. तिच्या नावापुढे निकाल राखीव असल्याची नोंद आली. सुनावणीचे पत्र येईल, एवढेच महाविद्यालयातून सांगितले गेले.

ती अभ्यासिकेत आली तेव्हा या गोष्टीला पाच आठवडे झाले होते. चेहरा उतरला होता. म्हणाली, "दादा, आता मला वाटतंय तेव्हाच सही केली असती तर बरं झालं असतं. निदान झोप तरी लागली असती."

हे वाक्य मला फार गंभीर वाटले. ज्या मुलीने त्या खोलीत चार मोठ्या माणसांसमोर ठाम नकार दिला, तीच पाच आठवड्यांच्या जागरणानंतर न केलेल्या गोष्टीची कबुली द्यायला तयार होत होती.

जागरण आणि खोटी कबुली

या गोष्टीवर अमेरिकेत एक प्रयोग झालेला आहे. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्टीव्हन फ्रेंडा, एलिझाबेथ लॉफ्टस, किम्बर्ली फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८ जणांना संगणकावर काही कामे दिली. कीबोर्डवरचे एक ठरावीक बटण अजिबात दाबू नका, नाहीतर माहिती पुसली जाईल, अशी ताकीद त्यांना पुन्हा पुन्हा दिली. मग अर्ध्या लोकांना रात्री झोपू दिले आणि अर्ध्यांना रात्रभर जागे ठेवले. सकाळी प्रत्येकासमोर एक निवेदन ठेवले. त्यात तुम्ही ते बटण दाबले होते, असे लिहिले होते. हे खोटे होते. जे झोपून आले होते त्यांच्यातल्या १८ टक्के लोकांनी पहिल्याच विनंतीला सही केली. जे जागे होते त्यांच्यातल्या ५० टक्के लोकांनी केली.

या प्रयोगाला मर्यादा आहेत. तिथे कोणाचे वर्ष जाणार नव्हते आणि जागरण एका रात्रीचे होते. त्यामुळे विद्यापीठाच्या सुनावणीत अगदी हेच आकडे दिसतील असे म्हणता येणार नाही. पण थकलेला मेंदू समोरचा त्रास आत्ता संपावा एवढेच पाहतो आणि उद्याचे परिणाम त्याला धूसर दिसतात, हे ती मुलगी आपल्या तोंडाने सांगत होती. म्हणून खोटा आळ आलेल्या माणसाने झोपेकडे आपल्या बचावाचाच एक भाग म्हणून पाहावे. ज्या काळजीने आपण कागदपत्रे सांभाळतो, त्याच काळजीने झोप सांभाळायची.

झोप नेमकी का येत नाही

आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये निद्रानाश समजून घेण्याची एक सोपी रीत मांडली. निद्रानाशाची कारणे तीन प्रकारची असतात. काही आधीपासून असतात, जसे की मुळातच हलकी झोप किंवा काळजी करण्याचा स्वभाव. एखादी घटना झोप उडवते. आणि झोप उडाल्यावर आपण जे उपाय करतो, त्यातले काही तिला परत येऊ देत नाहीत.

कॉपीचा आळ ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे. ती आपल्या हातात नाही. तिसऱ्या प्रकारच्या गोष्टी मात्र आपल्या हातात असतात आणि काही आठवड्यांनंतर जागरण टिकवून धरण्याचे काम मुख्यतः त्याच करतात.

या मुलीचेच पाहा. रात्री झोप येत नाही म्हणून ती दहालाच अंथरुणावर पडू लागली. पडल्या पडल्या सुनावणी सुरू व्हायची. त्या सरांना काय उत्तर द्यायला हवे होते, समिती काय विचारेल, मी काय म्हणेन, ते काय म्हणतील. निर्दोष माणसाच्या डोक्यात ही उलटतपासणी जास्तच चालते, कारण खरे काय ते त्याला माहीत असते आणि ते समोरच्याला दिसत कसे नाही, हे त्याला सुटत नाही. एक वाजता डोळा लागायचा. साडेतीनला जाग यायची. मग मोबाइल हातात, विद्यापीठाची वेबसाइट, निकालाची नोंद बदलली का ते बघायचे. पाचला पुन्हा डोळा लागायचा तो आठपर्यंत. दुपारी डोके जड, म्हणून तास-दीड तास झोप. संध्याकाळी सहाला तरतरी यावी म्हणून दोन कप चहा.

हिशेब केला तर रात्रीची झोप साडेपाच तास आणि अंथरुणावर दहा तास. म्हणजे साडेचार तास ती रोज जागी पडून राहत होती, आणि त्या वेळात केसच लढत होती. असे पाच आठवडे झाले की मेंदू एक गोष्ट पक्की शिकतो, की उशीला डोके टेकले म्हणजे सुनावणी सुरू. मग दिवसभर डुलक्या घेणारा माणूस अंथरुणावर पडताच टक्क जागा होतो. आपल्याला असे होत असेल तर हीच खूण समजावी.

यावरचा उपाय दोन भागांत आहे. केसला दिवसा जागा द्यायची आणि अंथरुणावरून तिला उठवायचे. पहिला भाग केल्याशिवाय दुसरा जमत नाही, कारण "विचार करू नको" म्हटल्याने विचार थांबत नाहीत. त्यांना जायला दुसरी जागा लागते.

केसची वही आणि केसची वेळ

आम्ही तिला एक शंभर पानी वही दिली. रोज संध्याकाळी पाच ते पावणेसहा ही केसची वेळ ठरवली. जागाही ठरवली, ती म्हणजे अभ्यासिकेतले कोपऱ्यातले टेबल. घरी नाही आणि अंथरुणावर तर नाहीच. काळजीसाठी रोज ठरावीक अर्धा तास राखून ठेवण्याची ही पद्धत मानसशास्त्रात १९८० च्या दशकापासून वापरात आहे. पण केस चालू असलेल्या माणसाला नुसते काळजी करत बसून भागत नाही, त्याला करण्यासारखे काम लागते. म्हणून वहीचे तीन भाग केले.

पहिल्या भागात घटनाक्रम लिहायचा. पेपर किती वाजता सुरू झाला, पथक केव्हा आले, चिठ्ठी नेमकी कुठे पडली होती, कोणी उचलली, जवळ कोण बसले होते, केंद्रप्रमुखांच्या खोलीत कोण काय म्हणाले. जे आठवते ते आणि जे नक्की आठवत नाही तेही, वेगवेगळे. हे एकदाच नीट लिहिले की मनाला रात्री ते पुन्हा पुन्हा घोकावे लागत नाही. आपण विसरू, ही भीती जागरणामागे बरीच असते.

दुसऱ्या भागात कागद. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी परीक्षा व मूल्यमापन मंडळाने नेमलेली समिती करते आणि तिचा अहवाल मंडळापुढे जातो. याचा अर्थ पथकाने पकडले म्हणजे निर्णय झाला, असे नसते. आपले म्हणणे ऐकले जाण्याची वेळ अजून यायची असते. त्या वेळेसाठी काय लागेल ते तिने एकेक करून लिहिले. चिठ्ठीवरचे अक्षर आपले नाही हे दाखवायला स्वतःच्या जुन्या वह्या. चिठ्ठीत कोणत्या प्रकरणाचा मजकूर होता आणि आपण कोणते प्रश्न सोडवले. इथे तिला एक महत्त्वाची गोष्ट सापडली. चिठ्ठीतला मजकूर ज्या प्रकरणावरचा होता, त्यावरचा पर्यायी प्रश्न तिने सोडवलाच नव्हता. जप्त केलेली उत्तरपत्रिका उघडली की हे कोणालाही दिसणार होते. पाच आठवडे रात्री रडताना जे सुचले नव्हते ते दिवसा टेबलावर तिसऱ्या दिवशी सुचले. त्या बाकावर आधीच्या सत्रात कोण बसले होते, याची बैठक व्यवस्था समितीने मागवावी, अशी विनंतीही तिने लिहून काढली. तिने स्वतः दिलेल्या जबाबाची प्रत मिळावी म्हणून अर्ज केला आणि त्याची पोच घेतली.

तिसरा भाग सगळ्यात छोटा. तिथे रोज शेवटची पाच मिनिटे उद्या काय करायचे ते लिहायचे. "परीक्षा विभागात अर्जाची चौकशी करणे", "दुसऱ्या वर्षाच्या वह्या मावशीकडून आणणे", इतके साधे. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात झालेल्या एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितका परिणाम चांगला दिसला.

पावणेसहाला वही बंद. त्यानंतर केसचा विचार आला तर एका ओळीत टिपून ठेवायचा आणि स्वतःला सांगायचे, की हे उद्या पाच वाजता. विद्यापीठाची वेबसाइटही त्याच वेळेत, दिवसातून एकदाच पाहायची. पहाटे साडेतीनला कोणतेही कार्यालय नोंद बदलत नाही. आपण बघतो, नोंद तशीच असते आणि उरलेली झोप मात्र जाते.

इथे घरच्यांचीही मदत लागते. तिचे वडील रोज रात्री जेवताना विचारायचे, "काही कळलं का गं?" काळजीपोटीच विचारायचे. पण त्या एका प्रश्नाने तिची रात्र जायची. तिने त्यांना सांगितले, "बाबा, केसचं मी तुम्हाला रविवारी सकाळी सगळं सांगेन. रात्री विचारू नका." त्यांनी ऐकले.

आपल्या मुलांच्या बाबतीत अशा वेळी आणखी एक ओझे असते. "ह्यांना तर सगळ्या सवलती आहेत, तरी कॉपी करतात" असे कोणीतरी बोलून जाते आणि ते वाक्य आळापेक्षा जास्त खोल रुतते. तेही वहीत लिहायचे. कोण, केव्हा, कुठे, कोणासमोर बोलले ते. त्याची तक्रार करायची असेल तर ती वेगळी करावी. कॉपीच्या केसच्या उत्तरात ते मिसळले की चिठ्ठी कोणाची, हा मूळ प्रश्न बाजूला पडतो.

अंथरुण फक्त झोपेसाठी

आता दुसरा भाग. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेले नियम आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरले जातात. नियम साधे आहेत. डोळ्यांवर खरोखर झोप आली तरच अंथरुणावर जायचे. नुसता थकवा म्हणजे झोप नव्हे. झोप म्हणजे पापण्या मिटणे, मान खाली जाणे. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचे आणि झोप आली की परत जायचे. घड्याळ मात्र बघायचे नाही, अंदाज पुरे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचे. दुपारी झोपायचे नाही.

हे नियम वाचून ती हसली. "दादा, आमच्या एका खोलीत पाच जण झोपतो. उठून जायचं कुठं?" हा प्रश्न बरोबर आहे. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळी झोपायची खोली असलेले घर होते. आपल्याकडे तडजोड करावी लागते. तिने गादी दिवसा गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. अभ्यास, जेवण, मोबाइल सगळे चटईवर, गादी फक्त रात्री. झोप आली नाही तर ती मोरीजवळच्या कोपऱ्यात पाट टाकून बसायची, झिरोच्या दिव्यात. काम असे हवे की हात गुंततील पण मन पेटणार नाही. तिने शेंगा सोलल्या, लसूण सोलला. आई सुरुवातीला ओरडली, नंतर दुसऱ्या दिवशीची भाजी आपणहून बाजूला काढून ठेवू लागली. मोबाइल रात्री आईच्या उशाशी.

दुसरी गोष्ट म्हणजे अंथरुणावरचा वेळ कमी करणे. ही उलटी वाटते, पण सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. आठवडाभर रोज सकाळी अंदाजाने लिहायचे, की किती वाजता पडलो, साधारण किती तास झोपलो, किती वाजता उठलो. तिची सरासरी झोप साडेपाच तास निघाली. त्यात अर्धा तास मिळवून अंथरुणावरचा वेळ सहा तास ठरवला. घरात सहाला पाणी भरायला सगळे उठतातच, म्हणून उठण्याची वेळ सहा. मग झोपायची वेळ आली बारा. त्याआधी कितीही जांभया आल्या तरी पडायचे नाही.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. हे आधीच माहीत असावे, नाहीतर माणूस तिथेच सोडून देतो. दिवसा डोळे मिटत होते, चिडचिड होत होती. पण पाचव्या रात्री ती पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोपली. आठवड्याच्या शेवटी हिशेब केला तर सहा तासांपैकी सरासरी पाच तास दहा मिनिटे झोप होत होती. म्हणजे अंथरुणावरच्या वेळातला सुमारे ८६ टक्के वेळ झोपेत जात होता. आधी हे प्रमाण ५५ टक्के होते. ते ८५ च्या वर गेले की पंधरा मिनिटे वाढवायची, म्हणजे पुढच्या आठवड्यात पावणेबाराला पडायचे. ८० च्या खाली गेले तर पंधरा मिनिटे कमी करायची. मधे असेल तर तसेच ठेवायचे. काहीही झाले तरी अंथरुणावरचा वेळ पाच तासांच्या खाली आणायचा नाही.

ज्यांना फिट येतात किंवा ज्यांना पूर्वी मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार झालेला आहे, त्यांनी झोपेचा वेळ कमी करण्याचा हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्या आठवड्यात दुचाकी चालवणे टाळावे. आणि सुनावणी चार-पाच दिवसांवर आली असेल तर हे सुरू करू नये. तेव्हा फक्त उठण्याची वेळ पक्की ठेवावी आणि वहीचे काम करावे.

जे उपाय उलटतात

दुपारनंतरचा चहा-कॉफी हा पहिला. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही उरलेले असते. सहाला घेतलेल्या दोन कपांपैकी एका कपाएवढे अकरा वाजताही काम करत असते. तिने दुपारी दोननंतर चहा बंद केला.

दुसरा म्हणजे कोणाच्या तरी घरातली झोपेची गोळी. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी एक-दोन रात्री झोप लागते, पण काही आठवड्यांत सवय लागू शकते आणि दुसऱ्या दिवशी सुस्ती राहते, आठवण मंदावते. सुनावणीत तारीख-वेळ नेमकी सांगायची असताना ही जोखीम घेऊ नये. डॉक्टरांनी दिली असेल तर तेवढीच आणि तेवढेच दिवस घ्यावी, आणि चालू असलेली गोळी स्वतःहून अचानक बंदही करू नये. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळीऐवजी वर सांगितलेल्या सवयी बदलण्याच्या उपचाराचीच शिफारस केली आहे. दारूने डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते.

तिसरा उपाय आपल्यातले बरेच जण करतात. ज्यांनी विपश्यनेचे शिबिर केलेले असते ते रात्री अंथरुणावर पडून आनापान सुरू करतात, झोप लागावी म्हणून. मग दर दोन मिनिटांनी तपासतात, लागली का? श्वासाकडे पाहणे हीच परीक्षा होऊन बसते. आनापान करायचे तर संध्याकाळी बसून करावे, झोपेची अपेक्षा न ठेवता. दिवसभर ताणलेले शरीर त्याने सैल होते आणि रात्री त्याचा फायदा आपोआप मिळतो. झोपेला बोलवत राहिले की ती येत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप येत नाही आणि असे तीन महिने चालले आहे, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. पण तीन महिने थांबायचे कारण नाही. जेवण जात नसेल, सतत रडू येत असेल, छातीत धडधड होऊन घाबरे होत असेल, तर आधीच जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे. केसपेपर काढून दाखवण्यात काही कमीपणा नाही. तिथली नोंद पुढे उपयोगीही पडू शकते. सुनावणीच्या तारखेला तब्येत खरोखर ढासळली असेल तर त्या कागदाच्या आधारे लेखी मुदत मागता येते.

"मी नसलो तर बरे", "तोंड दाखवायला जागा नाही" असे विचार येऊ लागले तर ती रात्र एकट्याने काढू नका. घरातल्या कोणालाही उठवा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि मराठीत बोलता येते. कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे, की अशा मुलाला किंवा मुलीला तुम्ही भेटलात तर केसची चौकशी करण्याआधी विचारा, "रात्री झोपतोस का? जिवाचं काही बरं-वाईट करावं असं मनात येतं का?" असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते.

आज काय स्थिती आहे

हा लेख लिहीत असताना तिची केस मिटलेली नाही. सुनावणी झाली, निर्णय यायचा आहे. सुनावणीच्या आदल्या रात्री तिला चार तासच झोप लागली. याने ती घाबरली नाही, कारण एका रात्रीच्या कमी झोपेने फार बिघडत नाही, हे तिला डायरीवरून कळले होते. लवकर पडून जास्त झोप मिळवायचा प्रयत्न तिने केला नाही. नेहमीच्या वेळी पडली, सहाला उठली.

समितीसमोर तिला पुन्हा विचारले गेले, की चूक मान्य केलीस तर शिक्षा कमी होऊ शकेल, काय म्हणणे आहे? तिने वही उघडली आणि चिठ्ठीतल्या मजकुराचा प्रश्न आपण सोडवलेलाच नाही, उत्तरपत्रिका पाहावी, असे सांगितले. लेखी म्हणणे दिले, पोच घेतली आणि बाहेर आली.

परवा तिला विचारले, "झोप कशी आहे?" म्हणाली, "साडेअकरा ते सहा. मधे एकदा जाग येते, पण परत लागते." निकालाच्या नोंदीत अजून बदल नाही. ती रोज पाच वाजता एकदा बघते आणि वही मिटते.